ब्रेसेसची जुनी फाईल आणि एक्सरे: डॉक्टरांनी किती वर्षं ठेवायचे, आणि कॉपी मागायचा आपला हक्क

प्रश्न: "मुलीला नोव्हेंबर 2019 मध्ये ब्रेसेस लावल्या, तेव्हा ती साडेबारा वर्षांची होती. लॉकडाऊनमुळे लांबलं आणि मे 2022 मध्ये काढल्या. आता ती 18 पूर्ण आहे. नवीन डेंटिस्टने एक्सरे काढला तर म्हणाले समोरच्या दातांची मुळं आखूड झालीयेत, जुना ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याचा एक मोठा एक्सरे, आणि सुरुवातीचे एक्सरे आणा. जुन्या क्लिनिकमध्ये फोन केला तर म्हणतात 3 वर्षं झाली, फाईल ठेवत नाही, आणि तसंही एक्सरे क्लिनिकची प्रॉपर्टी असते, देता येत नाही. हे खरं आहे का? फाईल किती वर्षं ठेवायला पाहिजे? मी काय करू?"

ताई, मी 27 वर्षं ऑर्थोची, म्हणजे वाकडे दात सरळ करायची, प्रॅक्टिस करतोय. आधी एक गोष्ट, की तुम्हाला त्यांनी जी दोन कारणं सांगितली ती दोन्ही एकाच वेळी खरी असूच शकत नाहीत. फाईल टाकून दिली असेल तर प्रॉपर्टीचा मुद्दाच येत नाही, आणि प्रॉपर्टी म्हणून देत नसतील तर फाईल अजून त्यांच्याकडे आहे. बहुतेक वेळा असं होतं की फोनवर रिसेप्शनची मुलगी जे तोंडी लागेल ते सांगते, डॉक्टरांपर्यंत विषय गेलेलाच नसतो. म्हणून फोनवरचं उत्तर शेवटचं धरू नका, लेखी मागा, कसं मागायचं ते खाली सांगतो.

3 वर्षांचं त्यांनी हवेतून काढलेलं नाही, ते खरंच नियमात आहे. डेंटल कौन्सिल ऑफ इंडियाचे 2014 चे सुधारित आचारसंहितेचे नियम आहेत, त्यात लिहिलंय की प्रत्येक डेंटिस्टने पेशंटचे रेकॉर्ड उपचार सुरू झाल्याच्या तारखेपासून कमीत कमी 3 वर्षं जपून ठेवायचे. ह्या वाक्यातले दोन शब्द नीट बघा, "कमीत कमी" आणि "सुरू झाल्यापासून". पहिला शब्द लोक विसरतात, 3 वर्षं ही खालची मर्यादा आहे, त्या दिवशी फाईल टाकून द्या असं कुठेही म्हटलेलं नाही. आणि दुसऱ्या शब्दामुळे ब्रेसेसच्या पेशंटचं फार नुकसान होतं, कारण रूट कॅनाल दोन आठवड्यांत संपतं पण ब्रेसेस दोन-अडीच वर्षं चालतात. तुमच्याच तारखा घ्या. सुरुवात नोव्हेंबर 2019, म्हणजे 3 वर्षं नोव्हेंबर 2022 ला संपली. ब्रेसेस निघाल्या मे 2022 ला. म्हणजे तार काढल्यावर फक्त सहा महिन्यांत नियमाची किमान मुदत संपून गेली, तेव्हा तुमची मुलगी 15 वर्षांची होती आणि बहुधा रात्री दात जागेवर धरून ठेवणारा रिटेनर घालत होती, म्हणजे आमच्या भाषेत ट्रीटमेंटचा रिटेन्शनचा टप्पा अजून चालूच होता!

त्यामुळे नुसत्या ह्या एका नियमाकडे बोट दाखवून त्यांनी 2023 मध्ये फाईल टाकली असेल तर आचारसंहितेचा भंग झाला असं मी म्हणणार नाही. पण कुठलाही समजूतदार डॉक्टर लहान मुलांच्या फाईलला हा 3 वर्षांचा हिशोब लावत नाही, आणि त्याचं कारण कायद्यातच आहे. ग्राहक आयोगात तक्रार करायची मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून 2 वर्षं आहे, 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तसं आहे, आणि योग्य कारण असेल तर आयोग उशीर माफही करू शकतो. पण पेशंट अज्ञान, म्हणजे 18 च्या आतला असेल तर मुदतीच्या कायद्याचं, 1963 चा लिमिटेशन अॅक्ट, त्याचं तत्त्व असं की मुलाचं घड्याळ 18 पूर्ण झाल्यावर सुरू होतं, आणि ही सवलत जास्तीत जास्त 3 वर्षं, म्हणजे 21 पर्यंत पुरते. म्हणून साडेबारा वर्षांच्या मुलीची फाईल तिच्या साडेपंधराव्या वर्षी फाडणं म्हणजे डॉक्टरने स्वतःच्या बचावाचा कागदही फाडणं आहे. माझ्या क्लिनिकचा नियम मी सांगतो, हा माझा आहे, कुठल्या कौन्सिलचा नाही : मोठ्या माणसाची फाईल शेवटच्या भेटीपासून 10 वर्षं, लहान मुलाची त्याचं वय 25 होईपर्यंत, इम्प्लांटची फाईल कधीच टाकायची नाही कारण 15 वर्षांनी स्क्रू ढिला झाला तर कुठल्या कंपनीचा, किती जाडीचा इम्प्लांट आहे हे त्या स्टिकरवरूनच कळतं आणि त्याशिवाय बरोबर बसणारा ड्रायव्हरसुद्धा सापडत नाही. आणि ज्या पेशंटशी वाद चालू आहे किंवा नोटीस आलीय त्याच्या फाईलला हात लावायचा नाही, मग 3 वर्षं होवोत नाहीतर 30.

आता प्रॉपर्टीचं. कागद, फिल्म, प्लास्टरची मॉडेल, आरव्हीजीचं, म्हणजे सेन्सरवर काढलेल्या डिजिटल एक्सरेचं, कॉम्प्युटर, हे क्लिनिकचं असू शकतं, ओरिजिनल त्यांनी स्वतःकडे ठेवणं बरोबरच आहे, उद्या त्यांना कोणी विचारलं तर त्यांना दाखवायला काय राहील? म्हणून ओरिजिनलसाठी भांडू नका. पण त्यात तुमच्या मुलीबद्दल जे लिहिलंय आणि दिसतंय त्याची कॉपी मिळणं हा तिचा हक्क आहे. मुंबई हायकोर्टाचा रघुनाथ रहेजा विरुद्ध महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल हा 1996 चा निकाल आहे, त्यात स्पष्ट म्हटलंय की पेशंटने किंवा जवळच्या नातेवाईकाने केसपेपरच्या कॉपी मागितल्या तर हॉस्पिटलने आणि डॉक्टरने त्या द्यायलाच हव्यात, कॉपीचा रास्त खर्च घ्यायला हरकत नाही. तो निकाल डॉक्टर आणि हॉस्पिटलबद्दलचा आहे, पण डेंटिस्टसाठी वर सांगितलेल्या 2014 च्या नियमांतही तेच आहे, पेशंटने, त्याने अधिकार दिलेल्या माणसाने किंवा कायदेशीर यंत्रणेने रेकॉर्ड मागितलं तर 72 तासांत द्यायचं आणि दिलेल्या सगळ्या कागदांची पोहोच घ्यायची. ही पोहोच दोघांच्याही फायद्याची आहे, काय काय दिलं याची यादी त्यावर राहते.

आणि एक गोष्ट बऱ्याच पेशंटना माहीतच नसते. ओपीजी आणि लॅटरल सेफ, म्हणजे चेहऱ्याचा बाजूने काढलेला एक्सरे, हे बहुतेक छोट्या क्लिनिकमध्ये काढतच नाहीत, तुम्हाला चिठ्ठी देऊन बाहेरच्या एक्सरे सेंटरला पाठवतात. तिथे पैसे तुम्ही भरले, पावती तुमच्या मुलीच्या नावाची, फिल्मच्या पाकिटावर तिचं नाव, आणि मग ते पाकीट तुम्ही ऑर्थोकडे नेलं आणि तिथेच राहिलं. ती फिल्म क्लिनिकची प्रॉपर्टी आहे असं म्हणायला मला तरी काही आधार दिसत नाही, ती तुमचीच, डॉक्टरकडे वापरायला दिलेली. त्यामुळे सगळ्यात आधी घरात 2019 ची पावती शोधा, नाहीतर मोबाईलमध्ये त्या दिवसाचे फोटो आणि पेमेंटचे मेसेज बघा, सेंटरचं नाव सापडेल. सेंटरला फोन करून नाव, साधारण तारीख आणि कोणी पाठवलं होतं ते सांगा. त्यांची मशीन डिजिटल असेल तर सहा-सात वर्षांपूर्वीची इमेज सर्व्हरवर किंवा बॅकअप हार्डडिस्कवर मिळायची बरीच शक्यता असते. माझे किमान डझनभर पेशंट असे आहेत की क्लिनिक बंद झालेलं, डॉक्टर परदेशी गेलेले, आणि एक्सरे सेंटरवाल्याने दहा मिनिटांत शोधून मेल केला. तेव्हा हे आधी, बाकीचं नंतर.

आता लेखी अर्ज. तुमची मुलगी 18 ची झालीय हे इथे महत्त्वाचं. उपचाराच्या वेळी सही तुम्ही केली असली तरी आता रेकॉर्ड तिचं आहे, अर्जावर सही तिची हवी. तुम्ही आई म्हणून गेलात आणि क्लिनिकने तिचं पत्र मागितलं तर ते चुकीचं वागत नाहीत. ती बाहेरगावी शिकत असेल तर तिच्याकडून तुमच्या नावाने अधिकारपत्र आणि तिच्या ओळखपत्राची झेरॉक्स घ्या. अर्जात लांबलचक काही नको, राग तर अजिबात नको. असं लिहा :

"मी आपल्याकडे नोव्हेंबर 2019 ते मे 2022 ऑर्थोडॉन्टिक उपचार घेतले. पुढील उपचारासाठी मला माझ्या संपूर्ण रेकॉर्डच्या कॉपी हव्या आहेत : केसपेपर आणि प्रत्येक भेटीच्या नोंदी, संमतीपत्र, सुरुवातीचे, मधले आणि ब्रेसेस काढतानाचे सर्व एक्सरे, फोटो, मॉडेलचे फोटो किंवा स्कॅन. डिजिटल एक्सरे मूळ फाईलच्या स्वरूपात द्यावेत. कॉपीचा खर्च मी देईन. रेकॉर्ड उपलब्ध नसल्यास ते कोणत्या तारखेला व कशा प्रकारे नष्ट केले हे लेखी कळवावे."

शेवटचं वाक्य सोडू नका. तोंडी "टाकून दिलं" म्हणणं सोपं असतं, तारीख घालून सही करून लिहून देणं अवघड, आणि माझा अनुभव असा की हे वाक्य वाचल्यावर बऱ्याच वेळा माळ्यावरचा खोका कोणीतरी खाली काढतं. अर्जाच्या दोन प्रती घेऊन जा, एकीवर सही-शिक्का आणि तारीख घेऊन परत आणा. घेत नसतील तर ईमेल आणि स्पीड पोस्ट, डिलिव्हरीचा पुरावा ठेवा. 72 तास तिथपासून मोजायचे. जुने काही पैसे द्यायचे राहिले असतील तर त्याचा हिशोब वेगळा, माझ्या मते बिल बाकी म्हणून एक्सरे अडवून ठेवणं चूक आहे, पण खरंच बाकी असेल तर भरून टाका म्हणजे विषय भरकटत नाही.

फाईल खरंच टाकली असेल तरी पूर्ण हात हलवत परत यायची गरज नाही. बऱ्याच डेंटिस्टना इन्कम टॅक्ससाठी रोजचं केस रजिस्टर ठेवावं लागत आलंय, फॉर्म 3सी नावाने, आणि ते संबंधित असेसमेंट वर्ष संपल्यापासून 6 वर्षं ठेवायचा नियम आहे. त्यात तारीख, पेशंटचं नाव, काय काम केलं आणि किती फी घेतली एवढंच असतं, एक्सरे नसतो, पण तुमची मुलगी किती वेळा गेली आणि मधे किती महिने गॅप पडला हे त्यातून कळू शकतं. लॉकडाऊनमध्ये तार तोंडात असताना किती महिने कोणी तपासलं नाही, हे मुळांच्या प्रश्नात मला नक्की विचारावंसं वाटेल.

आता तुमचे नवीन डेंटिस्ट जुना एक्सरे का मागतायत ते सांगतो, कारण तुम्हाला वाटत असेल की हे फक्त जुन्या डॉक्टरची चूक शोधायला आहे, तसं नाही. ब्रेसेसमध्ये दात हलताना मुळाचं टोक थोडंसं झिजतं, आम्ही त्याला रूट रिसॉर्प्शन म्हणतो, बहुतेकांमध्ये ते इतकं थोडं असतं की पुढे काही फरक पडत नाही, काही थोड्या लोकांत जास्त होतं. पण काही मुलांची मुळं जन्मतःच आखूड असतात, किंवा लहानपणी पडून दाताला मार बसलेला असतो. साडेबाराव्या वर्षी वरच्या समोरच्या दातांची मुळं पूर्ण वाढून झालेली असतात, त्यामुळे 2019 चा एक्सरे असेल तर सरळ कळतं की तेव्हा मूळ किती होतं. आजचा एक फोटो बघून हे कोणीही सांगू शकत नाही, मी पण नाही.

कसं कळतं ते एका उदाहरणाने सांगतो. माझ्याकडे गेल्या काही वर्षांत असाच एक मुलगा आला होता, दुसऱ्या गावात ब्रेसेस झालेल्या. जुना आयओपीए, म्हणजे एका-दोन दातांचा छोटा एक्सरे, त्याच्या आईने जपून ठेवला होता. जुन्या फिल्ममध्ये वरच्या समोरच्या दाताचा हिरडीबाहेरचा भाग 10 मिमी मोजला आणि मूळ 13 मिमी. नवीन एक्सरेत तोच बाहेरचा भाग 10.5 मिमी दिसत होता आणि मूळ 10.5. आता बाहेरचा भाग काही वाढलेला नाही, तर नवीन एक्सरेचा कोन थोडा वेगळा होता म्हणून सगळंच जरा मोठं दिसतंय. म्हणून नवीन माप जुन्या प्रमाणात आणायचं, 10 भागिले 10.5, म्हणजे 0.95, त्याने 10.5 ला गुणलं की मूळ 10 मिमी येतं. 13 चं 10 झालं, 3 मिमी गेलं, जवळजवळ पाव मूळ. फिल्म नसती तर हा 3 आकडा मिळालाच नसता. आणि दाताचा बाहेरचा भाग मधल्या काळात तुटलेला किंवा घासलेला असेल तर हा हिशोब फसतो, म्हणून जुने फोटो पण मागा असं वर लिहिलंय.

त्या मुलाच्या बाबतीत ब्रेसेस काढतानाचा एक्सरे पण मिळाला, त्यात मूळ 10 च होतं. म्हणजे झीज ब्रेसेस चालू असताना झाली आणि तार निघाल्यावर थांबली. साधारणतः तसंच होतं, जोर काढला की रिसॉर्प्शन थांबतं. त्यामुळे त्याला काहीही ट्रीटमेंट न करता फक्त वर्षातून एकदा बघायचं ठरलं, आणि पुन्हा ब्रेसेस लावायच्या झाल्या तर फार जपून. तिसरा एक्सरे नसता तर आम्ही घाबरून त्याच्यावर अजून काही करत बसलो असतो. म्हणून सुरुवातीचा, काढतानाचा आणि आजचा, हे तीन मिळाले तर फार चांगलं. फक्त एक लक्षात ठेवा, ओपीजीत समोरचे दात धूसर आणि लहान-मोठे दिसतात, तोंड मशीनमध्ये थोडं पुढेमागे झालं तरी मूळ आखूड वाटतं, त्यामुळे नुसत्या ओपीजीवरून आखूड म्हणलं असेल तर आधी समोरच्या दातांचा नीट आयओपीए काढून घ्या. कदाचित एवढी मोठी गोष्ट नसेलही.

आता कॉपी कशी घ्यायची, इथे निम्मे लोक चुकतात. क्लिनिकवाला फिल्म खिडकीला धरतो, मोबाईलने फोटो काढतो, व्हॉट्सअॅपवर पाठवतो, झालं. त्यावर कुठलीही मापं काढता येत नाहीत, मुळाचं टोक तर उजेडातच गायब होतं. एक्सरे फिल्मवर असेल तर तो ट्रान्सपरन्सी स्कॅनरवर स्कॅन करून घ्या, बऱ्याच फोटो स्टुडिओत असतो, 600 डीपीआय पुरतं. ते जमत नसेल तर लॅपटॉपवर पूर्ण पांढरी स्क्रीन लावून त्यावर फिल्म ठेवा, खोलीतला दिवा बंद करा, मोबाईल अगदी सरळ वर धरा, आणि फाईल फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर व्हॉट्सअॅप ती दाबून छोटी करतं.

आरव्हीजी आणि सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा थ्रीडी स्कॅन, यांत वेगळी गडबड आहे. आरव्हीजीचं सॉफ्टवेअर इमेज स्वतःच्या डेटाबेसमध्ये ठेवतं, त्यातून JPEG काढली की पेशंटचं नाव, एक्सरे काढल्याची तारीख आणि मोजमापाचं प्रमाण बऱ्याच वेळा निघून जातं, फाईलवर फक्त आज एक्सपोर्ट केल्याची तारीख राहते. म्हणून DICOM फॉरमॅट मागा, फाईलच्या नावाच्या शेवटी `.dcm` असतं, आणि सीबीसीटी असेल तर अशा शेकडो फाईली आणि कधीकधी `DICOMDIR` नावाची एक फाईल असा पूर्ण फोल्डर असतो, तो पेनड्राइव्हवर घ्या, त्यातले दोन-चार सुंदर रंगीत स्क्रीनशॉट उपयोगाचे नसतात. घरी आल्यावर उघडून बघा नाव बरोबर आहे का, तारीख 2019 चीच आहे का, आणि डावं-उजवं उलटं तर नाही ना. आरव्हीजीत सेन्सर उलटा नोंदवला गेला तर उजवा दात डावा दिसतो, हे मी पुष्कळ वेळा बघितलंय.

कधीकधी डॉक्टर खरं सांगतात आणि फिल्म तरीही मिळत नाही, हेही सांगायला हवं. जुन्या छोट्या फिल्म क्लिनिकमध्येच काळ्या डब्यात धुवायचे. रूट कॅनाल चालू असताना घाईत बघायला फिल्म फिक्सर नावाच्या केमिकलमधून दोन मिनिटांत बाहेर काढायची, बघायची, आणि परत फिक्सरमध्ये टाकून मग वाहत्या पाण्यात वीसेक मिनिटं धुवायची, ही पद्धत. पण ते परत टाकणं गर्दीत राहून जायचं. तशी फिल्म त्या दिवशी छान दिसते आणि चार-पाच वर्षांत पिवळी-तपकिरी होऊन जाते, कारण केमिकल आतच राहिलेलं असतं. माझ्या सुरुवातीच्या वर्षांतल्या अशा बऱ्याच फिल्म माझ्याच चुकीने गेल्या, केसपेपरला स्टेपल केलेल्या, एकमेकींना चिकटलेल्या. एका पेशंटने दहा वर्षांनी मागितली तेव्हा मी पाकीट उघडलं आणि आत तपकिरी तुकडा होता, त्यावर काही म्हणजे काही दिसत नव्हतं, आणि तो माणूस त्यासाठी दीडशे किलोमीटर आला होता. त्यानंतर मी जुन्या सगळ्या फिल्म स्कॅन करून घेतल्या, चार महिने लागले. तुमची फिल्म अशी निघाली तरी ती घ्या, फेकू देऊ नका, पिवळी फिल्म चांगल्या स्कॅनरवर बरेचदा वाचता येते.

डॉक्टर मंडळी पण हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी एवढंच, टाकायची वेळ आली की आधी पेशंटच्या नंबरवर एक मेसेज करा, पंधरा दिवसांत येऊन घेऊन जा म्हणून. बरेच जण येतात. उरलेलं टाकताना एक वही ठेवा, पेशंटचं नाव, पहिली आणि शेवटची तारीख, काय काय नष्ट केलं, कधी केलं. जुन्या फिल्ममध्ये चांदी असते म्हणून भंगारवाले किलोवर घेऊन जातात, देताना नावाचा भाग कापून टाका, पेशंटचं नाव आणि जबडा भंगारात जाता कामा नये. आणि क्लिनिक विकताना किंवा बंद करताना फाईली कोणाकडे गेल्या हे दारावर लिहून ठेवा, फोन नंबरसकट.

ताई, अर्ज देऊन 72 तास गेले आणि काहीच आलं नाही तर एक आठवडा थांबून आठवणीचं एक पत्र द्या. त्यालाही उत्तर नाही आलं तर महाराष्ट्र स्टेट डेंटल कौन्सिलकडे, ते मुंबईत आहे, लेखी तक्रार करता येते, सोबत अर्जाची पोहोच आणि उपचाराच्या पावत्या जोडा. तक्रार फक्त एवढीच ठेवा की रेकॉर्ड मागितलं आणि दिलं नाही. मुळांची झीज त्यात मिसळू नका, ती चूक होती की नाही हे अजून तुम्हालाही माहीत नाही आणि कोणालाच नाही. जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ता पण आहे, 5 लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे फी लागत नाही, आणि तिथे डॉक्टरने रेकॉर्ड दाखवलंच नाही तर त्याचा अर्थ डॉक्टरच्या विरुद्ध काढला जाऊ शकतो. पण मी तुम्हाला आत्ता तिकडे जा म्हणणार नाही, आधी एक्सरे सेंटर, मग अर्ज. उपचार सरकारी डेंटल कॉलेजमध्ये झाले असते तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाकता आला असता, खासगी क्लिनिकला तो लागू नाही.

आणि समजा काहीच नाही मिळालं. मग आजचा दिवस हाच पहिला दिवस धरायचा. समोरच्या सहा दातांचे, वरचे आणि खालचे, आयओपीए पॅरलल पद्धतीने म्हणजे होल्डर लावून काढून घ्या, कोणता होल्डर वापरला ते केसपेपरवर लिहायला सांगा, आणि सहा महिन्यांनी तसेच परत काढायचे. दोन्हीत मूळ सारखंच असेल तर झीज थांबलेली आहे. कमी झालेलं असेल तर मात्र थांबू नका, लगेच एखाद्या ऑर्थोला आणि रूट कॅनालच्या तज्ज्ञाला दोघांना दाखवा. तोपर्यंत समोरच्या दातांनी ऊस, कच्चा पेरू, कडक चिक्की तोडायची नाही, आणि रिटेनर सैल-घट्ट असेल तर तो कोणाकडूनही बदलून घेण्याआधी हे एक्सरे काढून घ्या. आणि ह्या वेळी काढलेल्या फाईली तिच्या स्वतःच्या मेलवर ठेवा, तिच्या नावाने, तारखेसकट, ती उद्या पुण्यात असो की बंगलोरला, तिथल्या डॉक्टरला दाखवता येतील.